विश्लेषण : ‘बघू’ म्हणून वेळ मारून नेणे महाग का पडते?

वाद नको म्हणून गप्प बसणाऱ्याला समंजस म्हणण्याची आपल्याकडे पद्धत आहे. पण गिळलेला शब्द टोमण्यातून, अबोल्यातून किंवा भलत्याच दिवशी भलत्याच कारणावरून बाहेर पडतो आणि मूळ प्रश्न तसाच राहतो. आवाज न चढवता चार वाक्यांत आपले म्हणणे मांडता येते, आणि ते शिकताही येते. ते कसे शिकायचे, आणि कुठे त्याचा उपयोग होत नाही?

घरात नेमके काय घडते?

उदाहरणासाठी एक घर घेऊ. आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची, ठाण्यात मुलीकडे राहते. थोरला मुलगा नाशिकला. तीन वर्षांपूर्वी गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर ‘थोडे दिवस माझ्याकडे राहू दे’ असे मुलगीच म्हणाली होती. मग आईला पक्षाघाताचा झटका आला आणि थोड्या दिवसांची तीन वर्षे झाली. मुलगी नोकरी करते, त्यामुळे दिवसभरासाठी सांभाळायला एक मावशी ठेवल्या आहेत. त्यांचे महिन्याला अठरा हजार, औषधे आणि डायपरचे सहा हजार. एकूण चोवीस. भाऊ दर महिन्याला पाच हजार पाठवतो. बाकीचे एकोणीस हजार बहिणीच्या पगारातून जातात.

भाऊ वाईट माणूस नाही. दर रविवारी फोन करतो, आईशी बोलतो आणि शेवटी बहिणीला विचारतो, ‘सगळं ठीक ना? काही लागलं तर सांग.’ ती म्हणते, ‘हो, चाललंय. बघू.’ फोन ठेवल्यावर नवऱ्यापाशी अर्धा तास धुसफुसते. हे तीन वर्षे चालले आहे. मग यंदाच्या गणपतीत सगळे एकत्र जमतात, वहिनी काश्मीरच्या सहलीचे फोटो दाखवते आणि बहीण सर्वांदेखत म्हणते, ‘बरं आहे बाई तुमचं, आम्हाला कुठलं काश्मीर!’ वहिनी दुखावते, भाऊ चिडतो, आवाज चढतात, आरतीआधीच अर्धे घर उठून जाते. पुढचे सहा महिने नातेवाईक ‘गणपतीत कोण कोणाला काय बोललं’ याचीच चर्चा करतात. चोवीस हजारांचा विषय कोणाच्या तोंडून निघालेलाच नसतो.

या भांडणातली सर्वात महत्त्वाची गोष्ट सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. आपल्याकडून काय अपेक्षित आहे, हे त्या भावाला आजही माहीत नाही. त्याने दर रविवारी विचारले आणि त्याला दर रविवारी ‘ठीक आहे’ असेच उत्तर मिळाले. त्याने समजून घ्यायला हवे होते, असे बहीण म्हणेल. त्यात तथ्य आहे. पण समजून घेण्याची वाट पाहण्यात तीन वर्षे गेली, हेही खरे.

गप्प बसायची सवय इतकी चिवट का असते?

अशा माणसाला मराठीत भिडस्त म्हणतात. ‘भीड भिकेची बहीण’ ही म्हण आपल्याकडे जुनी आहे, म्हणजे या स्वभावाची किंमत पूर्वजांना माहीत होती. तरी भिडस्तपणाला आपण स्वभाव समजून सोडून देतो. मानसोपचारात त्याकडे शिकलेली सवय म्हणून पाहिले जाते आणि ही सवय कशी पक्की होते, याचे साधे उत्तर तिथे आहे.

नकोसा विषय काढायची वेळ आली की छातीत धडधडते, घसा कोरडा पडतो. त्या क्षणी ‘बघू’ म्हटले की धडधड लगेच थांबते. ही सुटका हेच बक्षीस. मेंदू बक्षीस ज्या कृतीने मिळाले ती कृती लक्षात ठेवतो आणि पुढच्या वेळी ‘बघू’ आणखी लवकर तोंडात येते. नुकसान मात्र महिन्यांनी, वर्षांनी दिसते. त्यामुळे गप्प बसणे आणि नुकसान यांची सांगड मनात बसतच नाही. दुसरे असे की, बोललो असतो तर काय झाले असते, हे गप्प बसणाऱ्याला कधीच कळत नाही. ‘दादा तोडूनच टाकेल’ ही भीती तपासली न गेल्याने वर्षानुवर्षे ताजी राहते. जी भीती तपासली जात नाही, तिला खोटे ठरण्याची संधीच मिळत नाही.

म्हणून ‘जरा हिंमत कर’ हा सल्ला निरुपयोगी आहे. हिंमत येण्याची वाट पाहणारा माणूस खरे तर राग अनावर होण्याची वाट पाहत असतो. कारण आयुष्यात त्याने जेव्हा जेव्हा तोंड उघडले, ते रागातच. त्यामुळे ‘बोलणे म्हणजे भांडणे’ अशी त्याची खात्री झालेली असते. दर स्फोटानंतर ती खात्री वाढते आणि तो आणखी काही महिने गप्प बसतो.

सूचकपणे बोलले तर चालत नाही का?

आपली समजूत अशी की, थेट बोलणे उद्धटपणाचे आणि सुचवणे शहाणपणाचे. ‘लेकी बोले सुने लागे’ ही तर सूचक बोलण्याची आपली खास शैली. पण सूचकपणात धोका असा की, सांगणाऱ्याला ‘मी सांगितले’ असे वाटते आणि ऐकणाऱ्याला काही सांगितले गेले, हेच कळत नाही. या धोक्याचा सर्वात काटेकोर अभ्यास कुटुंबांत नव्हे, विमानाच्या कॉकपिटमध्ये झाला. कारण तिथे प्रत्येक शब्द ध्वनिमुद्रित होतो.

२८ डिसेंबर १९७८ रोजी युनायटेड एअरलाइन्सचे डीसी-८ जातीचे विमान अमेरिकेतील पोर्टलंडला उतरायच्या तयारीत होते. चाके बाहेर काढताना विचित्र आवाज आला आणि चाके नीट बसली की नाही, अशी शंका निर्माण झाली. कॅप्टन त्या शंकेत गुंतले आणि विमान तासभर विमानतळाच्या आसपास घिरट्या घालत राहिले. इंधन कमी होत होते. सहवैमानिक आणि फ्लाइट इंजिनीअर या दोघांच्या बोलण्यात इंधनाचा विषय आला होता, आकडेही आले होते. पण ‘कॅप्टन, इंधन संपत आहे, आता उतरायलाच हवे’ हे वाक्य वेळेत, ठामपणे आले नाही. इंधन संपून चारही इंजिने बंद पडली आणि विमान विमानतळापासून काही मैलांवर वस्तीत कोसळले. विमानातील १८९ जणांपैकी दहा जण मृत्युमुखी पडले. त्यात तो फ्लाइट इंजिनीअरही होता.

अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने चौकशीत कॅप्टनची चूक दाखवलीच. सोबत असेही नोंदवले की, उरलेल्या दोघांना इंधनस्थितीचे गांभीर्य एक तर पुरते कळले नाही किंवा त्यांना आपली काळजी कॅप्टनपर्यंत पोहोचवता आली नाही. आणि शिफारस केली की, कॅप्टनना सहकाऱ्यांचे ऐकून घेण्याचे आणि सहकाऱ्यांना ठामपणे बोलण्याचे प्रशिक्षण द्यावे. त्यातून वैमानिकांच्या प्रशिक्षणात ठाम वाक्याचा एक ठरलेला साचा रुळला. आधी समोरच्याला नावाने किंवा हुद्द्याने हाक मारायची. मग काळजी वाटते हे सांगायचे, अडचण काय ते सांगायचे, उपाय सुचवायचा आणि शेवटी ‘तुम्हाला पटते का?’ असे विचारून उत्तर मिळवायचे.

यातली शेवटची पायरी मला सर्वात मोलाची वाटते. माहिती देऊन थांबणे आणि उत्तर मागणे, यांत फार अंतर आहे. ठाण्यातल्या बहिणीनेही फोनवर कधी तरी म्हटले असेलच की, ‘औषधं काय महाग झालीत हल्ली!’ तो इंधनाचा आकडा होता. भाऊ म्हणाला असेल, ‘हो ना, सगळंच महाग झालंय.’

मग नेमके म्हणायचे काय?

रोजच्या मतभेदांसाठी असाच एक साचा शॅरन आणि गॉर्डन बॉवर या अमेरिकी दाम्पत्याने १९७६ च्या आपल्या पुस्तकात दिला. त्याचे चार भाग आहेत. काय घडते आहे ते सांगा, त्याचा तुमच्यावर काय परिणाम होतो ते सांगा, काय हवे ते नेमके सांगा आणि तसे झाल्यास काय होईल ते सांगा. ऐकायला सोपे वाटते, पण पहिल्याच पायरीवर बहुतेकांचा पाय घसरतो. ‘काय घडते आहे’ याऐवजी ‘तू कसा आहेस’ हे सांगितले जाते.

बहिणीच्या मनात तीन वर्षे घोळत असलेले वाक्य साधारण असे असेल : ‘दादा, तुला कधी कळणार की आईचं सगळं मी एकटीच करते? तुम्ही आपले फिरायला मोकळे!’ यात मागणी कुठेच नाही. ‘सगळं’, ‘एकटीच’, ‘कधी’ हे शब्द खोडता येण्याजोगे आहेत. भाऊ लगेच म्हणेल, ‘सगळं कसं? मी पाच हजार पाठवतो ना!’ आणि वाद आकड्याऐवजी ‘सगळं’ या शब्दावर होईल. काश्मीर तर यात मुळीच यायला नको. त्याच्या सहलीचा पैसा हा तिचा विषय नाही, आईचा खर्च हा आहे.

दुसरा मसुदा भिडस्त माणसाचा : ‘दादा, म्हणजे तुला अडचण नसेल तर, जमलं तरच हं, थोडा आणखी हातभार लागला असता ना, तर बरं झालं असतं.’ हे वाक्य ऐकून भाऊ ‘बघतो’ म्हणेल आणि विसरेल. त्यात त्याचा फारसा दोष नाही. ‘थोडा’ म्हणजे किती, ‘हातभार’ म्हणजे पैसे की सुट्टी, आणि ‘लागला असता तर’ म्हणजे मागते आहे की खंत व्यक्त करते आहे, यातले काहीच कळत नाही.

आता तिसरा मसुदा पाहा. ‘दादा, आईच्या खर्चाबद्दल बोलायचं आहे. दहा मिनिटं आहेत का? मावशींचा पगार आणि औषधं मिळून महिन्याला चोवीस हजार होतात. त्यातले एकोणीस माझ्याकडून जातात आणि मला ते आता झेपत नाही. पुढच्या महिन्यापासून निम्मे, म्हणजे बारा हजार, तू द्यावेस असं मला हवं आहे. तसं झालं तर मावशी सोडाव्या लागणार नाहीत. तुला कसं जमेल?’ एवढे बोलून गप्प व्हायचे.

हे वाक्य कोरडे वाटते, असे अनेकांना वाटेल. बहीण-भावात असे बोलतात का? माझे मत असे की, हे कोरडेपण नात्याच्या फायद्याचे आहे. यात भावाच्या स्वभावावर एक शब्द नाही, त्यामुळे त्याला बचाव करायला काही उरत नाही. आकडा आहे, म्हणून त्याला आकड्यानेच उत्तर द्यावे लागते. ‘दहा मिनिटं आहेत का’ या विचारण्याने विषय गंभीर आहे हे आधीच कळते आणि बोलणे गाडी चालवताना किंवा पाहुण्यांसमोर होत नाही. मागणी एकच आहे. मे महिन्यात आईला पंधरा दिवस नाशिकला न्यावे, ही दुसरी मागणीही तिच्या मनात आहे, पण ती आज नाही. दोन मागण्या एकदम ठेवल्या तर समोरचा सोपी तेवढी मान्य करतो आणि विषय संपला असे धरून चालतो.

मराठी इथे आपल्या मदतीला येते. ‘समोरच्यावर आरोप न करता स्वतःबद्दल बोला’ असे या विषयावरचा प्रत्येक लेखक सांगतो. आपल्या भाषेत ते व्याकरणातच आहे. ‘मला राग आला’, ‘मला त्रास होतो’, ‘मला झेपत नाही’, ‘मला जमणार नाही’ ही वाक्ये आपण रोज बोलतो आणि त्यांत ‘तू’ येतच नाही. नकार द्यायला ‘मला जमणार नाही’ हे तर फार उपयोगी वाक्य आहे. त्यात अपमान नाही आणि त्याला कारणाची जोड लागत नाही. फसवा प्रकार एवढाच की, ‘मला वाटतं, तू बेजबाबदार आहेस’ हेही ‘मला’नेच सुरू होते. वाक्यात ‘की’ किंवा स्वल्पविराम येऊन त्यापुढे ‘तू’ आला, तर तो आरोपच आहे, हे ओळखायची खूण लक्षात ठेवावी.

समोरचा उलटला तर?

उलटणारच. तीन वर्षे ‘ठीक आहे’ म्हणणारी बहीण अचानक आकडा सांगते, तेव्हा भावाला धक्का बसतो. भिडस्त माणसाची तयारी नेमकी इथे अपुरी पडते. पहिले वाक्य तो पाठ करून जातो, पण दुसऱ्याची तयारीच नसते.

भाऊ म्हणेल, ‘तूच म्हणाली होतीस ना, माझ्याकडे राहू दे म्हणून?’ हे खरे आहे. खरे असेल तर मान्य करून टाकावे : ‘हो, मीच म्हणाले होते. तेव्हा आई चालत होती, मावशी लागत नव्हत्या. आता चोवीस हजार लागतात. बारा कसे जमतील?’ मॅन्युएल स्मिथ या मानसशास्त्रज्ञाने १९७५ च्या पुस्तकात या युक्तीला धुक्याची उपमा दिली. धुक्यावर दगड मारला तर तो आदळून परत येत नाही. टीकेत जेवढे खरे तेवढे मान्य करायचे, बचाव करायचा नाही आणि विषयावर परत यायचे.

मग भाऊ म्हणेल, ‘आईचा हिशेब मांडतेस?’ हा सर्वात जिव्हारी लागणारा टोला. इथे रडू येते किंवा ‘मी काय काय केलंय ते तुला काय माहीत’ अशी यादी सुरू होते. यादी सुरू झाली की विषय गेला. ‘तुला तसं वाटतंय, हे ऐकून मला वाईट वाटतं. पण खर्च आहे आणि तो मला एकटीला झेपत नाही. बारा हजारांचं कसं करायचं?’ तेच वाक्य, त्याच आवाजात. स्मिथने याला अडकलेल्या तबकडीची उपमा दिली होती. मात्र हे तंत्र बेताने वापरावे. दोन-तीनदा ठीक, पाचव्यांदा तेच वाक्य म्हटले तर माणूस ऐकत नाही, नुसता अडून बसला आहे असे दिसते. आणि ते खरेही असते.

तिसरी शक्यता अशी की, भाऊ खरीच अडचण सांगेल. ‘पोराची बारावी आहे, क्लासची फी भरतोय, मार्चपर्यंत बारा नाही जमणार.’ हा टोला नाही, ही माहिती आहे. या दोन्हींतला फरक ओळखता आला पाहिजे. इथे पुन्हा बारा-बारा करणे मूर्खपणाचे. ‘मग मार्चपर्यंत किती जमतील?’ असे विचारायचे. समजा तो म्हणाला नऊ. तर नऊ मार्चपर्यंत आणि एप्रिलपासून बारा, असे ठरवून त्याच दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर दोन ओळींत लिहून पाठवायचे. ‘तुला विश्वास नाही का’ असे तो म्हणालाच तर ‘दोघांच्या लक्षात राहावं म्हणून’ एवढे पुरे.

आणि ‘बघू’ म्हणाला तर? हे आपलेच हत्यार आपल्यावर. तिथे तारीख मागावी. ‘चालेल, वहिनींशी बोलून घे. मी रविवारी फोन करते.’ आणि रविवारी खरोखर करावा. न केलेला तो फोन ही सर्वात नेहमीची चूक असते. बोललो तर होतो, आता परत कशाला, असे वाटते आणि पुन्हा तीन वर्षे जातात.

सराव म्हणजे काय करायचे?

मनातल्या मनात संवाद घोळवणे म्हणजे सराव नाही. मनात आपण फर्डे वक्ते असतो आणि समोरचा आपल्याला हवे तेच बोलतो. सराव तोंडाने, मोठ्याने करावा लागतो.

दक्षिण आफ्रिकेत जन्मलेल्या जोसेफ वोल्पे आणि अर्नोल्ड लझारस या दोघांनी १९५० आणि ६० च्या दशकांत या पद्धतीचा पाया घातला. लझारसने १९६६ मध्ये एक तुलना प्रसिद्ध केली. काही जणांना त्यांच्या अडचणीवर सल्ला दिला, काहींचे नुसते सहानुभूतीने ऐकून घेतले आणि काहींकडून नेमक्या प्रसंगाची तालीम करून घेतली. सल्ला मिळालेल्यांपैकी निम्म्याहून कमी लोकांना प्रत्यक्ष प्रसंगात बदल करता आला. तालीम केलेल्यांपैकी दहात नऊ जणांना आला. तिन्ही गटांवर लझारसने स्वतःच उपचार केले होते, त्यामुळे हे आकडे थोडे हात राखूनच घ्यावेत. पण तालमीला पर्याय नाही, हा निष्कर्ष पुढेही टिकला.

तालीम अशी करावी. वाक्य कागदावर लिहावे. त्यातले ‘नेहमी’, ‘कधीच’, ‘सगळं’, ‘जरा’, ‘जमलं तर’, ‘सॉरी हं’ हे शब्द खोडावे. उरलेले मोठ्याने वाचावे आणि मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून ऐकावे. ऐकताना वाक्याच्या शेवटी आवाज कुठे जातो, एवढेच पाहावे. मागणीचे वाक्य प्रश्नासारखे वर गेले तर ती विनवणी वाटते, शेवटच्या शब्दावर जोर पडला तर धमकी वाटते. वाक्य खाली, शांतपणे टेकले पाहिजे. मग नवऱ्याला किंवा मैत्रिणीला भाऊ व्हायला सांगावे आणि सर्वात टोचणारे उत्तर द्यायला लावावे. बहिणीला ‘हिशेब मांडतेस?’ हे वाक्य खोलीत चार वेळा ऐकायला मिळाले, तर फोनवर पाचव्यांदा ऐकताना डोळ्यांत पाणी येण्याची शक्यता कमी होते.

सुरुवात भावापासून करू नये, हे तितकेच महत्त्वाचे. वोल्पे यांनी भीतीला शून्य ते शंभर गुण द्यायची पद्धत सांगितली. ‘दादाशी पैशांचं बोलणं’ ऐंशीचे असेल, तर वीस-तीस गुणांचे प्रसंग आधी घ्यावेत. हॉटेलात बिनसाखरेचा सांगितलेला चहा गोड आला तर ‘मी बिनसाखरेचा सांगितला होता, बदलून द्या’. भाजीवाल्याने वरून चार नासके टोमॅटो टाकले तर ‘हे नकोत, दुसरे द्या’. मग चाळीसचे : सोसायटीतल्या काकांना ‘काका, तुमची गाडी माझ्या जागेवर आहे, संध्याकाळपर्यंत काढाल का?’ मग साठीचे : ऑफिसमध्ये शनिवारी काम गळ्यात मारणाऱ्या सहकाऱ्याला ‘या शनिवारी मला जमणार नाही’ असे म्हणून त्यापुढे मावसबहिणीच्या लग्नाची गोष्ट न रचणे. खोटे कारण दिले की पुढच्या शनिवारसाठी नवे शोधावे लागते. प्रत्येक पायरीवर दोन-तीनदा बोलून झाले आणि धडधड निम्म्यावर आली की पुढची पायरी.

बोलणे नीट झाले की रात्री अपराधी वाटते. फार बोललो का, दादा रागावला असेल का, एक सॉरीचा मेसेज टाकू का? हे वाटणे ठरलेलेच असते. म्हणून आपण चुकीचे बोललो, असा त्याचा अर्थ काढू नये. तो मेसेज निदान दोन दिवस टाकू नये. त्या एका मेसेजने सगळी मागणी मागे घेतली जाते, मग शब्दांत काहीही लिहिलेले असो.

कुठे गप्प राहणेच बरे?

शांत, ठाम वाक्य समोरचा माणूस मुळात सुरक्षित असेल तरच चालते. घरात मारहाण होत असेल, धमक्या असतील, तर ‘मला त्रास होतो’ हे वाक्य हिंसा थांबवत नाही, उलट वाढवू शकते. तिथे आधी सुरक्षितता, विश्वासातल्या माणसाला कळवणे, महिलांसाठीची १८१ ही हेल्पलाइन. तिथे संवादकौशल्याचा सल्ला देणे हा सल्ला देणाऱ्याचा अविवेक आहे.

रोजंदारीवरचा कामगार, परिविक्षा काळातला नोकरदार, नव्या घरात नुकती आलेली सून यांना बोलण्याची किंमत इतरांपेक्षा जास्त मोजावी लागते. तेच वाक्य पुरुष बोलला की ‘स्पष्टवक्ता’ आणि बाई बोलली की ‘फटकळ’, हा आपला समाज आहे. वाक्य कितीही घोटून बसवले तरी ही तफावत जात नाही. त्यामुळे एखादीने विचार करून, आत्ता नको, सहा महिन्यांनी बोलेन, असे ठरवले तर तो भिडस्तपणा नव्हे. भिडस्त माणूस ठरवत नाही, त्याचे ‘बघू’ आपोआप निसटते.

उदाहरणातल्या भावाने नऊ हजार कबूल केले, ही आपण धरलेली शक्यता. तो ‘जमणार नाही, पाचच देईन’ असेही म्हणू शकला असता. तसे झाले तरी बहिणीच्या हातात आता एक उत्तर असते. मग मावशींना बाराऐवजी आठ तासच ठेवायचे, की आईच्या नावावरच्या ठेवीचे व्याज खर्चाला घ्यायचे, की मामांना मध्ये घालायचे, हे तिला ठरवता येते. आणि मे महिन्यातल्या पंधरा दिवसांचे बोलायचे तर तिने ते मार्चमध्येच काढावे. मेमध्ये नाशिकला जायची रेल्वेची तिकिटे मिळत नाहीत.